चमकोगिरी न करता दिसायचं कसं

लिंक्डइनवर आठवड्यातून दोन-तीनदा काही लिहिलं तर लोक आपल्याला ‘चमको’ म्हणतील, ही भीती बऱ्याच कामसू माणसांना गप्प बसवते. दुसऱ्या बाजूला रोज सकाळी एक पोस्ट टाकणारी मंडळी आहेत. त्यांना ही भीती अजिबात नसते. थोडी असती तर बरं झालं असतं. या दोघांचा एक समज मात्र सारखाच आहे. दिखाऊपणा किती वेळा लिहिलं यावर ठरतो, असं दोघांनाही वाटतं. म्हणून एकजण लिहीतच नाही, आणि दुसरा निर्लज्ज व्हायचं ठरवून टाकतो.

मला हा समज चुकीचा वाटतो. दिखाऊपणा संख्येत नसतो, लिहिणारा कोणाशी बोलतोय यात असतो. समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देणारं वाक्य आणि समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या गर्दीकडे बघत टाकलेलं वाक्य यांतला फरक वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतो. यावरून माझं दुसरं म्हणणं निघतं: नोकरी करणाऱ्या सर्वसाधारण माणसाने आपला वेळ पोस्टपेक्षा कमेंटवर घालवावा. आठवड्याला तीन-चार कमेंट आणि पंधरवड्याला एखादी पोस्ट, एवढं पुरतं. कमेंटमध्ये समोर एक माणूस असतो, त्याचा एक प्रश्न असतो, आणि त्यामुळे मिरवायला जागाच कमी उरते.

आधी गप्प राहण्याबद्दल बोलू. ‘चांगलं काम स्वतःच बोलतं’ हे वाक्य आपल्या विभागापुरतं खरं आहे. आपलं काम रोज बघणारे दहा-पंधरा लोक असतात आणि त्यांच्यापाशी ते काम नक्की बोलतं. पण नवी संधी बहुतेक वेळा त्यांच्याकडून येत नाही, कारण त्यांना जे माहीत आहे ते आपल्यालाही माहीत असतं. समाजशास्त्रात १९७३ पासून ही मांडणी आहे की नोकरीची बातमी जवळच्यांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचे, पाच वर्षांत झालेले प्रयोग प्रसिद्ध झाले आणि त्यांत ही मांडणी थोडी दुरुस्त झाली. सर्वात उपयोगी पडतात ती मध्यम विरळ नाती. अगदी अनोळखीही नाही आणि रोजचा मित्रही नाही, असे लोक, ज्यांच्याशी आपले मोजके सामाईक ओळखीचे असतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी सल्लागार मंडळी सहसा सांगत नाहीत: विरळ नात्यांचा हा फायदा सॉफ्टवेअरसारख्या डिजिटल क्षेत्रांत ठळक आहे, आणि कमी डिजिटल क्षेत्रांत घट्ट नातीच जास्त कामी येतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मध्यम ओळखीच्या माणसापर्यंत आपण पोचतो ते मुख्यतः कमेंटमधून. चारशे कनेक्शन असलेल्या माणसाची पोस्ट त्या चारशेंपैकी काहींच्याच फीडमध्ये येते, आणि त्यातले बरेच जण आजी-माजी सहकारी असतात. तोच माणूस आपल्या क्षेत्रातल्या दुसऱ्या कोणाच्या पोस्टखाली लिहितो, तेव्हा ते वाचणारे त्या दुसऱ्याच्या ओळखीचे असतात. म्हणजे आपल्याला हवे ते नेमके लोक. शिवाय ‘अमुकने यावर कमेंट केली’ असं दाखवत ती पोस्ट आपल्या स्वतःच्या कनेक्शनच्या फीडमध्येही येऊ शकते. कमेंटशेजारी आपलं नाव आणि हेडलाइनचा सुरुवातीचा तुकडा दिसतो. हेडलाइनला २२० अक्षरांची मुभा आहे, पण कमेंटजवळ त्यातले पहिले काही शब्दच दिसतात. तिथे ‘ध्येयवेडा, सतत शिकणारा’ असं काही असेल तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘पंप आणि कॉम्प्रेसरची देखभाल’ असेल, तर तो प्रोफाइल उघडायचं की नाही हे ठरवू शकतो. कमेंट लिहायला बसण्याआधी करायचं काम हे एवढंच.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, एका कारखान्यात आठ वर्षं फिरत्या यंत्रांची देखभाल बघणारा इंजिनिअर आहे. तो फीड चाळत असताना दुसऱ्या प्लांटमधल्या कोणाची तरी पोस्ट दिसते: ‘बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचं बेअरिंग वर्षात तिसऱ्यांदा गेलं. कंपनी बदलून पाहिली, ग्रीस बदललं, फरक नाही. कोणाला अनुभव?’ खाली नेहमीच्या कमेंट आहेत. ‘खूप महत्त्वाचा विषय मांडलात सर.’ ‘देखभाल हा खर्च नसून गुंतवणूक आहे.’ एकाने बेअरिंग निकामी होण्याची सगळी कारणं क्रमांक घालून लिहिली आहेत. ती बरोबर आहेत आणि निरुपयोगी आहेत, कारण विचारणाऱ्यालाही ती पाठ आहेत.

मोटर आणि पंपाच्या शाफ्ट कपलिंगने जोडलेल्या असतात; त्या एका रेषेत आहेत का, म्हणजे त्यांची अलाइनमेंट, याबद्दल आपला इंजिनिअर असं लिहू शकतो:

‘अलाइनमेंट पंप थंड असताना केली होती, की तापल्यावरही तपासली? आमच्याकडे अशाच पंपावर थंड असताना सगळं बरोबर दिसायचं; तापला की पंपाची बाजू मोटरपेक्षा वर सरकायची. व्हायब्रेशनच्या स्पेक्ट्रममध्ये फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेला उंच पीक येतंय का आणि शाफ्टच्या दिशेने रीडिंग जास्त आहे का, ते बघा. १४९० फेऱ्यांची मोटर असेल तर हे पीक ५० हर्ट्झच्या जरासं खाली येईल. तसं असेल तर बेअरिंगच्या आधी कपलिंगकडे लक्ष द्या. द्रव थंड असेल तर हे लागू नाही.’

या कमेंटमध्ये कुठेही ‘माझा आठ वर्षांचा अनुभव’ नाही, पण अनुभव प्रत्येक ओळीत आहे. सुरुवात प्रश्नाने आहे, आणि हा प्रश्न ज्याने हे काम केलेलं नाही त्याला सुचणार नाही. मग स्वतःच्या ठिकाणी काय दिसलं ते आहे, त्यानंतर समोरचा उद्या सकाळी करू शकेल अशी एक तपासणी आहे, आणि शेवटी हे कुठे लागू नाही ते सांगितलं आहे. मिरवायला आलेला माणूस ही शेवटची ओळ बहुधा लिहीत नाही. आपल्या म्हणण्याला मर्यादा घातली की प्रभाव कमी होईल असं त्याला वाटतं. तज्ज्ञ वाचकाचा विश्वास मात्र नेमका त्याच ओळीवर बसतो.

पुढे काय होतं तेही महत्त्वाचं आहे. पोस्ट लिहिणारा उत्तर देतो: ‘गरम असताना तपासली नव्हती. कशी तपासता?’ इथे बरेच लोक गळतात. कमेंट टाकून ते निघून जातात, कारण त्यांच्या लेखी हजेरी लागलेली असते. खरं संभाषण दुसऱ्या उत्तरात सुरू होतं: ‘पूर्ण तापमानाला येईपर्यंत चालवा, बंद करून नियमाप्रमाणे लॉक झाल्यावर जराही वेळ न दवडता रीडिंग घ्या. उशीर झाला की पंप थंड होऊ लागतो आणि आकडा फसवतो.’ तिसरा कोणीतरी यात भर घालतो की सॉफ्ट फूट असेल, म्हणजे यंत्राचा एखादा पाय नीट टेकत नसेल, तरी असंच दिसतं, आधी तो काढा. आपल्या इंजिनिअरने इथे ‘बरोबर, तो क्रम आधी’ एवढं म्हणावं. स्वतःचं म्हणणं वाचवायला धडपडू नये. हे चार-पाच लोक आता एकमेकांना कामावरून ओळखतात. त्यातल्या कोणाच्या प्लांटमध्ये जागा निघाली तर आठवणारं नाव तयार झालेलं असतं, आणि यात जेमतेम वीस मिनिटं गेलेली असतात.

कमी डिजिटल क्षेत्रांत घट्ट नाती जास्त कामी येतात, हा त्या अभ्यासाचा मघाचा दुसरा निष्कर्ष इथे लागतो. देखभालीचं क्षेत्र सॉफ्टवेअरसारखं डिजिटल नाही. म्हणून या माणसाने सगळ्या कमेंट अनोळखी नामवंतांच्या पोस्टखाली खर्च करू नयेत. आठवड्याच्या तीन कमेंटपैकी एक तरी जुन्या सहकाऱ्याच्या, आधीच्या कंपनीतल्या साहेबाच्या किंवा पंप पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या पोस्टवर असावी. ती पोस्ट फार वाचली जात नसेल, तरीही. ज्याने आपल्याला काम करताना पाहिलंय त्याला आपण अजून याच कामात आहोत हे कळणं, हजार अनोळखी नजरांपेक्षा जास्त मोलाचं आहे. हाच माणूस डेटा इंजिनिअर असता तर मी प्रमाण उलटं सांगितलं असतं.

कोणाच्या पोस्टवर लिहायचं, हे फीडवर सोडू नये. फीड आपल्याला जे आवडेल ते दाखवते आणि त्यात गाजलेल्या माणसांचा भरणा असतो. पंधरा-वीस जणांची यादी करावी आणि त्यांच्या प्रोफाइलवरची घंटा दाबून नव्या पोस्टची सूचना चालू करावी. यादीत लाखभर अनुयायी असलेले दोन-तीन पुरेत. त्यांच्या पोस्टखाली दोनशे कमेंट असतात आणि आपली एकशे सत्तरावी वाचायला कोणी खाली जात नाही. दहा-बारा कमेंट असलेली, ज्याचा लेखक स्वतः उत्तरं देतो अशी पोस्ट कितीतरी चांगली. आठवड्यात दोनदा पंधरा मिनिटं ही यादी उघडावी. सांगण्यासारखं काही असेल तिथेच लिहावं, बाकी ठिकाणी नुसतं वाचावं. लाईक करायला हरकत नाही, पण त्याला काम समजू नये.

पोस्टचं काय? पोस्ट कमेंटमधून निघावी, हे माझं ठाम मत आहे. वर झालेलं संभाषण पंधरा दिवसांनी आपोआप पोस्टचा मजकूर देतं: लोकांना हा प्रश्न खरंच पडतो हे कळलेलं असतं, आपलं उत्तर कुठे अपुरं होतं तेही कळलेलं असतं. हे नसलं की माणूस ‘आज काय टाकू?’ असं विचारत बसतो आणि नाटकाची सुरुवात बहुतेक याच प्रश्नापासून होते. कारण मग तात्पर्य आधी ठरतं आणि त्याला शोभेल असा प्रसंग मागाहून शोधला जातो.

त्याच पंपावर लिहिलेल्या दोन पोस्ट कल्पना करून बघा. पहिली अशी: ‘रात्री दोन वाजता फोन वाजला. / सगळे हताश होते. / मी एक खोल श्वास घेतला. / त्या रात्री मला नेतृत्वाचा अर्थ कळला.’ दुसरी अशी: ‘गरम द्रवाच्या पंपाचं बेअरिंग वारंवार जात असेल तर ग्रीस बदलण्याआधी तीन गोष्टी बघा. आमच्याकडे बेअरिंग दोनदा बदलून झाल्यावर एका फिटरच्या लक्षात आलं, की कपलिंगचं रबर एकाच बाजूने झिजतंय.’ लिंक्डइन पोस्टला ३००० अक्षरं देतं, पण फीडमध्ये पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला ‘आणखी’ दाबावं लागतं. पहिली पोस्ट त्या ओळींत उत्कंठा लावते. दुसरी कोणासाठी आहे ते सांगते, आणि ज्याचा पंप बिघडलेला नाही त्याला खुशाल पुढे जाऊ देते. तिला लाईक कमी मिळतील. पण दाबणाऱ्यांत पंपवालेच जास्त असतील.

आणखी एक फरक आहे, आणि ओळखायला तो सर्वात सोपा आहे. पहिल्या पोस्टमध्ये फिटर गायब आहे. दिखाऊ लेखनातून आजूबाजूची माणसं नाहीशी होतात किंवा हताश चेहऱ्यांची पार्श्वभूमी होऊन उरतात. त्यामुळे टाकण्याआधीची माझी कसोटी ही: त्या प्रसंगात हजर असलेल्या दुसऱ्या माणसाने हे वाचलं तर तो मान डोलावेल, की कपाळाला हात लावेल? फिटरचं नाव त्याला विचारून घालावं, नसेल चालत तर ‘आमचा फिटर’ पुरे. पण तो असायला हवा.

नम्रतेचा मुलामा दिलेली बढाई हा प्रकार तर उघड बढाईपेक्षा वाईट. ‘माझ्यासारख्या सामान्य माणसाला हा पुरस्कार कसा मिळाला, अजून विश्वास बसत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात २०१८ साली आलेल्या संशोधनात असं दिसलं, की अशा बोलण्याने माणूस सरळ बढाई मारणाऱ्यापेक्षाही कमी आवडतो, कारण तो प्रामाणिक वाटत नाही. तेव्हा बढती मिळाली असेल तर सरळ लिहावं: पद हे, आता काम हे, यांच्यामुळे शक्य झालं. तीन वाक्यं. त्यात चमकोगिरी कोणाला दिसत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ‘दिसण्यासाठी हिशेब करून कमेंट करायची आणि वर ती दिखाऊ नाही म्हणायचं, हाच तर खरा दिखाऊपणा. यादी करता, घंटा लावता, मिनिटं मोजता.’ हेतू शुद्ध नाही, हे मला मान्य आहे. पण हेतू शुद्ध असण्याची अट आपण इतर कुठल्याच व्यावसायिक वागण्याला लावत नाही. परिषदेत शोधनिबंध वाचणाऱ्यालाही आपलं नाव व्हावं असं वाटतं; निबंधात नवं काही असेल तर आपण तक्रार करत नाही. प्रश्न एवढाच, की लिहिणाऱ्याचं नाव झाकलं तर त्या कमेंटचा समोरच्याला उपयोग आहे का. पंपाची कमेंट निनावी असती तरी तिने बेअरिंग वाचवलं असतं. ‘खूप महत्त्वाचा विषय सर’ यातून नाव काढून टाका, मागे काहीच राहत नाही.

या कसोटीवर गटाने ठरवून एकमेकांच्या पोस्टवर कमेंट करण्याची पद्धत टिकत नाही. दहा-वीस जण एकत्र येतात, कोणी पोस्ट टाकली की तासाभरात बाकीचे ‘अप्रतिम’ लिहून जातात. लिंक्डइनच्या करारात बनावट प्रतिसाद वाढवायला आणि यंत्राकरवी कमेंट करायला मनाई आहेच. २०२२ मध्ये त्यांनी लाईक-कमेंट मागणाऱ्या पोस्ट कमी दाखवू असंही जाहीर केलं होतं. पण नियम बाजूला ठेवला तरी नुकसान आहे: तेच आठ चेहरे प्रत्येक पोस्टखाली दिसले की त्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाला ते तिसऱ्या वेळी कळतं, आणि तो तुमची खरी कमेंटसुद्धा त्याच हिशेबात टाकतो.

उपयोग होतोय का, हे बघायला किती जणांपर्यंत पोस्ट पोचली तो आकडा फारसा कामाचा नाही. रात्री दोनच्या फोनवाली पोस्ट तिथे नेहमी जिंकेल. प्रोफाइल कोणी बघितलं त्याची नोंद लिंक्डइन ठेवतं. फुकटच्या खात्यात त्यातली थोडीच नावं दिसतात, पण तेवढीही पुरतात. त्यात किती जण आहेत यापेक्षा कोण आहेत ते बघावं: देखभाल प्रमुख, प्लांट मॅनेजर, यंत्र पुरवठादार दिसत असतील तर बरोबर चाललंय. संख्या वाढली आणि येणारे सगळे ‘पर्सनल ब्रँड’ शिकवणारे असतील तर आपण कामाबद्दल लिहायचं सोडून लिहिण्याबद्दल लिहायला लागलो आहोत. दुसरी खूण म्हणजे कनेक्शनच्या विनंतीसोबतची चिठ्ठी. ‘तुमची ती अलाइनमेंटची कमेंट वाचली’ अशी महिन्यातून एक आली तरी पुष्कळ. तीन महिन्यांच्या आत काही ठरवू नये.

मर्यादाही आहेत, आणि त्या सगळ्यांना सारख्या नाहीत. ज्यांचं काम गोपनीय आहे, त्यांना स्वतःचे प्रसंग सांगताच येत नाहीत. बिघाडाची हकीकत विम्याच्या दाव्यात किंवा पुरवठादाराशी चाललेल्या वादात अडकलेली असू शकते. फोटोतली नावाची पट्टी ग्राहक कोण ते सांगून जाते. अशांनी घटना सोडून पद्धत लिहावी आणि शंका असेल तिथे वरिष्ठांना विचारावं. ज्यांच्या सेवाशर्तींत जाहीर लिहिण्यावर बंधन आहे त्यांना तर हा मार्गच बंद आहे. भरती करणाऱ्यांनी प्रोफाइलवरच्या शांततेचा अर्थ ‘माणसाकडे सांगण्यासारखं नाही’ असा लावणं म्हणूनच अन्यायाचं आहे, आणि मी हे सगळं लिहिलं म्हणून तो अन्याय कमी होत नाही.

राहिला प्रश्न कोरड्या आठवड्याचा. शटडाऊन चालू आहे, घरी कोणी आजारी आहे, किंवा नुसतंच काही सुचत नाही. तेव्हा संख्या भरायला तीन पोकळ कमेंट टाकू नयेत. प्रोफाइलवर ‘ॲक्टिव्हिटी’ नावाचा भाग असतो आणि तिथे आपल्या अलीकडच्या कमेंटही उघडून बघता येतात. महिन्यापूर्वीची अलाइनमेंटवरची चर्चा वाचून एखादा मॅनेजर आपल्या प्रोफाइलवर आला, तर त्याला सर्वात वर काय दिसेल, हे या आठवड्यात गप्प राहायचं की नाही यावर ठरतं.